सुट्टीच्या सूचनेतून काढलेलं नाव

अकुत्सु गॅस या दुकानाच्या काचेवर दर डिसेंबरला एक सूचना लागायची, आणि गेली एकतीस वर्षं ती दुकानात कामाला असलेली नोबुए लिहायची. निईगाताच्या डोंगराकडच्या त्या गावात पाइपचा गॅस आलेला नव्हता. घराघरामागे सिलिंडरची जोडी, भिंतीला मीटर, आणि त्या सगळ्याची देखभाल अकुत्सुंकडे. त्यामुळे नववर्षाच्या सुट्टीत दुकान बंद राहिलं तरी गॅसची जबाबदारी बंद ठेवता येत नसे. कुणाकडून तक्रार आली तर अर्ध्या तासात माणूस दारात उभा राहिलाच पाहिजे, असा कायदाच होता.

म्हणून सूचनेत सगळं यायचं. शेवटचे सिलिंडर कधी पोचवणार, दुकान बंद कधीपासून कधीपर्यंत, उघडणार कधी, आणि मधल्या सहा दिवसांत कोणत्या दिवशी कुणाला फोन करायचा. एकोणतीस आणि तीस तारखेला मालक. एकतीसला आणि एक जानेवारीला नोबुए. दोन आणि तीनला कुदो, म्हणजे सिलिंडर पोचवणारा. प्रत्येकाच्या नावापुढे घरचा नंबर. नोबुए हे सगळं आधी हाताने लिहायची, पुढे कॉम्प्युटरवर टाइप करू लागली. पण नावं तीच, क्रम तोच.

वर्षाचे दोन सगळ्यात मोठे दिवस नोबुएकडेच का, हे कुणी कधी विचारलं नाही. सुरुवातीला मालकाची मुलं लहान होती म्हणून. मग कुदोचं लग्न झालं म्हणून. मग नोबुएचा नवरा गेला आणि घरात ती एकटीच राहिली, तेव्हा तर विचारायचा प्रश्नच उरला नाही. तशी तक्रार तिचीही नव्हती. फोन फारसे यायचे नाहीत. आला तरी बहुतेक वेळा मीटर आपोआप बंद पडलेला असायचा, आणि काय करायचं ते ती फोनवरच सांगायची.

तक्रार होती ती तिच्या थोरल्या बहिणीची, मिसाओची. ती लग्न होऊन दूर दक्षिणेला, बेप्पूला गेलेली.

"तुझं लग्न माणसाशी झालं होतं की सिलिंडरशी?" ती दर वर्षी फोनवर विचारायची. "सव्वीस वर्षं झाली आपण नववर्षाला एका ताटावर बसलो नाही. मी एकाहत्तरची झाले. आता कशाची वाट बघतेस, माझ्या अस्थी उचलायला यायची?"

"पुढच्या वर्षी नक्की," नोबुए म्हणायची.

ते पुढचं वर्ष खरंच उजाडलं. ऑक्टोबरात मालकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की यंदापासून सुट्टीतले फोन शहरातलं एक सेंटर घेणार. चोवीस तास माणसं असतात. फोन तिथे जाईल, ते तक्रार लिहून घेतील, आणि ज्याची पाळी असेल त्याला कळवतील. सुट्टीचे सहाही दिवस मालक आणि कुदो आलटून पालटून घरी थांबणार.

"आणि मी?" नोबुएने विचारलं.

"तुम्ही आराम करा नोबुए-सान. एकतीस वर्षं पुरे झाली की नाही?"

तिला भरून आलं. त्याच दिवशी तिने बेप्पूचं तिकीट काढलं.

सूचनेचा पहिला मसुदा तिने जुन्या वळणावरच केला होता. वर सेंटरचा नंबर ठळक, आणि खाली, सवयीने, तिघांची नावं. मालकांनी लाल पेनाने ती नावं खोडली.

"नावं ठेवली की लोक घरीच फोन करणार. मग सेंटर कशाला? एकच नंबर असू दे. गोंधळ नको."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. नोबुएलाही ते पटलं. खरं सांगायचं तर आपलं नाव जाताना पाहून तिला हलकंच वाटलं. तिने नवा कागद काढला. सेंटरचा नंबर मोठ्या अक्षरांत. गॅसचा वास आल्यास काय करायचं, ते त्याखाली. आणि गॅस अचानक बंद झाला तर मीटरचं बटण दाबून तो परत कसा सुरू करायचा, ते पाठीमागच्या बाजूला, चित्रासकट. पुढे जागाच उरली नव्हती.

छापून आलेला गठ्ठा हाताळताना तिला वरच्या आळीतल्या शिगेआजीची आठवण झाली. शिगेआजी सत्याऐंशीची. एकटी राहायची, मुलगा तोक्योजवळ सायतामाला. कागदाची मागची बाजू बघायची तिची पद्धत नव्हती. मोठं अक्षर दिसेल तेवढं वाचायचं आणि बाकीचं नोबुएला विचारायचं. आधी त्या आळीतल्या मीटरची नोंद नोबुएच घ्यायची, तेव्हा ती सूचना हातात देऊन, ओट्यावर टेकून, वाचूनच दाखवायची. यंदा मीटरचं काम बाहेरच्या माणसाला दिलं होतं. तो मीटरच्या आकड्याची चिठ्ठी आणि सूचना टपालपेटीत टाकून पुढे जायचा.

'एकदा वर जाऊन सांगून येईन,' नोबुएने ठरवलं.

पंधरा तारखेला ठरवलं, वीसला ठरवलं. पंचवीसनंतर शेवटचे सिलिंडर पोचवायची धांदल उडाली. सत्तावीसला बर्फ लागला तो थांबेना. अठ्ठावीसला दुपारी तिला तासभर मोकळा मिळाला होता. तो तिने बॅग भरण्यात आणि मिसाओसाठी भेट घेण्यात घालवला. फोन तरी करावा, असंही मनात आलं. पण शिगेआजीला फोन म्हणजे अर्धा तास गेला. कंबर, मांजर, मुलगा, सून, सगळं होणार. परत आल्यावर निवांत जाऊ, असं म्हणून ती एकोणतीसच्या गाडीत बसली.

एकतीसला सकाळीच शिगेआजीने नववर्षाचे काळे सोयाबीन शिजायला ठेवले होते. मंद आचेवर सात-आठ तास, ही तिची रीत. ज्या घरी ते द्यायचे त्या घरांच्या वाट्या ती आधीच मांडून ठेवायची. पण मीटरला काय ठाऊक की हे सोयाबीन आहेत? इतका वेळ गॅस सलग चालू, म्हणजे कुणीतरी विसरलं असणार, असं समजून मीटरने आपल्या नियमाप्रमाणे पुरवठा तोडला. आच विझली. नळाचं गरम पाणीही बंद झालं.

शिगेआजीने चष्मा लावला, सूचना काढली आणि मोठ्या अक्षरांतला नंबर फिरवला. त्या दिवशी थंडीने साऱ्या जिल्ह्यात पाणी तापवायची यंत्रं गोठली होती आणि सेंटरचे फोन नुसते खणखणत होते. तिला आधी यंत्रातली बाई ऐकू आली, मग गाणं, मग पुन्हा बाई, कृपया थांबा. ती सहा मिनिटं थांबली. मग तिला वाटलं, इतकी माणसं रांगेत आहेत, कुणाच्या घरी तान्हं मूल असेल. आपल्या सोयाबीनसाठी कशाला जागा अडवायची? तिने फोन ठेवला. तासाभराने पुन्हा केला, पुन्हा गाणं, पुन्हा ठेवला.

त्यानंतर तिने फोनशेजारी टाचलेली गेल्या वर्षीची सूचना पाहिली. एकतीस डिसेंबर, नोबुए. आणि घरचा नंबर.

गॅस बंद झाल्याचं नोबुएला तीन तारखेला कळलं. दुपारी अडीचला ती घरी पोचली, बॅग तशीच ठेवली आणि निरोपाच्या यंत्रावरचा लुकलुकता दिवा पाहून तिने बटण दाबलं.

पहिला निरोप एकतीसचा. "नोबुए-सान, मी शिगे. अगं, गॅस बंद झालाय. घाई नाही हं. रॉकेलची शेगडी आहे, तिच्यावर सोयाबीन सरकवले. तू बाहेर गेली असशील. आल्यावर ये."

दुसरा एक तारखेचा. "नववर्षाच्या शुभेच्छा, नोबुए-सान. यंदाही सांभाळून घे म्हातारीला. गॅस अजून तसाच आहे, पण माझं अडलं नाही. सोयाबीन छान झालेत. तुझी वाटी ठेवलीये."

तिसरा काल सकाळचा. "मीच गं. फक्त आंघोळीचं अडतंय. वर्ष सुरू झालं आणि अंग धुतलं नाही, बरं वाटत नाही. खालच्या सार्वजनिक स्नानगृहात जाऊन येते. आज उघडलंय म्हणे. तू आलीस आणि मी दिसले नाही तर ओट्यावर बस."

नोबुएने कोट काढलाच नव्हता. ती तशीच बाहेर पडली.

वरच्या आळीचा चढ बर्फाने गुळगुळीत झाला होता. शिगेआजीच्या दारात वर्तमानपत्र पडलेलं होतं. हाका मारल्या, दार ढकललं, कुलूप होतं. नोबुए घराला वळसा घालून मागे गेली. सिलिंडरवरचा बर्फ हाताने झाडला. मीटरवर लाल दिवा लुकलुकत होता. तिने बटणावरचं टोपण फिरवून काढलं, बटण आतपर्यंत दाबलं, सोडलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. एका मिनिटाने दिवा विझला. गॅस सुरू झाला होता.

इतकंच काम होतं ते. फोनवर सांगायला दोन मिनिटं लागली असती.

शेजारचे ओत्सुका-सान फावडं घेऊन बाहेर आले. "कोण? नोबुए-सान होय? शिगेआजी नाहीये. काल स्नानगृहाच्या पायऱ्यांवरून पडली. ॲम्ब्युलन्स आली होती. कमरेचं हाड मोडलंय म्हणतात."

"पायऱ्यांवर?"

"मी म्हटलं होतं, आजी, आमच्याकडे करा आंघोळ. तर म्हणे, सणासुदीला लोकांच्या घरात घुसायचं का! ती म्हणजे अशी." त्यांनी फावडं बर्फात टेकवलं. "तुम्ही गॅस बघायला आलात? बिघडला होता का? मला नाही बोलली काही."

नोबुएने मान हलवली. मग ती चढ उतरू लागली.

चार तारखेला दुकान उघडलं तेव्हा नोबुएने सगळं सांगितलं. मालकांनी सेंटरकडून फोनची यादी मागवली. एकतीस डिसेंबर, तीन वाजून दहा मिनिटं आणि चार वाजून पंचवीस मिनिटं. दोन्हींपुढे लिहिलं होतं, 'उत्तर देण्याआधी ग्राहकाने फोन ठेवला.' त्यांच्या बाजूने काम नियमातच होतं.

"आपल्या सूचनेतही चूक नाही," मालक हळूच म्हणाले. कुणावर दोष येऊ नये म्हणून ते असं म्हणत होते हे नोबुएला कळत होतं. "नंबर बरोबर, तारखा बरोबर. बटणाचं चित्रसुद्धा आहे."

कुदो कोपऱ्यात हातमोजे मुठीत दाबून बसला होता. तो आडमाप माणूस, बोलायला लागला की दुकान दणाणायचं. आज त्याचा आवाज खाली गेला होता.

"एकतीसला पाळी माझी होती. फोन पायाशी ठेवून बसलो होतो. सासरे समोर पीत होते, मी एक थेंब घेतला नाही. माझ्या घरापासून तिचं घर दहा मिनिटं. दहा मिनिटं, साहेब!"

"मग तुझं काय चुकलं?" मालक म्हणाले.

"चुकलं नाही म्हणूनच तर," कुदो म्हणाला आणि सिलिंडर चढवायला बाहेर गेला.

त्या संध्याकाळी नोबुए इस्पितळात गेली. शिगेआजी पलंगावर इतकी लहान दिसत होती की आधी नोबुए पुढेच गेली निघून. मग मागून हाक आली.

"नोबुए-सान! इकडे गं."

नोबुए कमरेतून वाकली ती वर होईना. "माफ करा. मी घरी नव्हते."

"नव्हतीस ते बरंच केलंस. बहिणीकडे गेली होतीस ना? कुदोची बायको सांगत होती. किती वर्षांनी?"

"सव्वीस."

"काय खाल्लंत?"

नोबुएने सांगितलं. दोन प्रकारचं सूप, समुद्रातला मासा, मिसाओने स्वतः केलेल्या तांदळाच्या वड्या. शिगेआजी मन लावून ऐकत होती.

"गॅसला काय झालं होतं मग?"

"बटण. मीटरचं बटण दाबायचं होतं."

"बटणच होतं होय?" शिगेआजी हसायला लागली आणि कंबर दुखली तशी तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "मला वाटलं सिलिंडर संपला. म्हटलं, सणात कुणाला उचलायला लावायचा?"

मुलगा सायतामाहून आला होता. साठीचा, मृदू बोलणारा. नोबुएला सोडायला तो लिफ्टपर्यंत आला. त्याच्या हातात दोन कागद होते. आईच्या फोनशेजारून काढलेल्या यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या सूचना.

"राग नाही माझा," तो म्हणाला. "फक्त एक विचारू? मागच्या वर्षी इथे तुमचं नाव होतं. यंदा का काढलं?"

सेंटर आलं, नियम बदलला, एकच नंबर ठेवायचं ठरलं; सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि सगळं खरं होतं.

"मला सुट्टी हवी होती," नोबुए म्हणाली.

त्याने कागदांची घडी घातली. "असं होय," म्हणाला. "इतकी वर्षं आईकडे बघितलंत. आम्हीच यायला हवं होतं. बायको म्हणाली होती, जाऊ या, बर्फ आहे म्हणून मी नको म्हटलं." आणि तोही वाकला. लिफ्ट आली, गेली, तरी दोघं एकमेकांसमोर वाकलेलीच होती.

शिगेआजी पुन्हा घरी आली नाही. हाड जुळलं, पण चालणं आलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी मुलाने तिला सायतामाला नेलं, त्याच्या घराजवळच्या वृद्धांच्या निवासात. मार्चमध्ये घर बंद करत असल्याचं त्याचं पत्र दुकानात आलं. गॅस थांबवायचा अर्ज नोबुएनेच भरला. कुदोने सिलिंडर उतरवले, नळीच्या तोंडाला बूच बसवलं आणि मीटर काढून गाडीत ठेवला. नोबुए बरोबर गेली होती, तशी गरज नव्हती तरी.

पुढल्या सप्टेंबरात मालकांनी विचारायच्या आधीच तिने सूचनेचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. बटणाचं चित्र पुढच्या बाजूला, अर्धं पान भरून. त्याखाली सेंटरचा नंबर. 'फोन ठेवू नका, कितीही वेळ लागला तरी थांबा. गॅस बंद पडणं हे घाईचंच काम आहे,' हे वाक्य जाड अक्षरांत. आणि शेवटी, ज्याची पाळी त्याचं नाव आणि नंबर, तारखेवार.

"पुन्हा नावं?" मालक म्हणाले.

"सेंटर राहू दे. नावंही राहू देत. ज्याला जिथे बोलता येतं तिथे तो बोलेल."

"तुमचं नाव दिसत नाही यात."

"मी बेप्पूला जाणार आहे." तिने त्यांच्याकडे बघितलं. "यंदाही. म्हणूनच सगळं आधी करायचंय."

मालकांनी लाल पेन उचललं नाही. सेंटरलाही त्यांनी सांगून ठेवलं, की आमच्या गावातून कुणी फोन मध्येच ठेवला तर त्या नंबरावर उलटा फोन करायचा.

नोव्हेंबरभर नोबुए एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जात होती. यादीत एकेचाळीस नावं होती. ती प्रत्येकाला घरामागे न्यायची, टोपण काढायला लावायची, बटण त्यांच्याच बोटाने दाबायला लावायची. आणि घड्याळ धरून त्यांच्या शेजारी मिनिटभर उभी राहायची. काही जण हसायचे. काही जण चहा ठेवायला धावायचे. एका तोंडाळ म्हाताऱ्याने तर सरळ विचारलं, "आम्हाला काय तान्हं समजतेस? चाळीस वर्षं गॅस वापरतोय मी!"

"हो, पण दाबून दाखवा."

त्याने दाबलं, कुरकुरत. मग दोघं गारठ्यात उभी राहिली.

"वरच्या आळीतली शिगे होती ना," तो मध्येच म्हणाला, "तिच्यामुळे चाललंय का हे?"

"हो."

"कशी आहे आता?"

"गेल्या महिन्यात जाऊन आले. मला ओळखलं नाही तिने. नर्स समजली. आंघोळ कधी, असं विचारत होती."

मिनिट झाल्याचं नोबुएने सांगितलं. त्याने टोपण परत बसवलं, घट्ट फिरवलं आणि आत जाऊन सूचना फोनशेजारच्या भिंतीला चिकटवली. नोबुएने यादीत त्याच्या नावापुढे खूण केली. अजून सात घरं राहिली होती, आणि बर्फ पडायच्या आत ती करायची होती.